चौकशी अधिकाऱ्यासाठी चार हिताच्या गोष्टी

चौकशी अधिकारी म्हणून नेमणूक झाल्याबद्दल तुमचं अभिनंदन. फाइल देताना वरिष्ठांनी सांगितलंच असेल, "यात फारसं काही नाही, महिन्याभरात संपवा." म्हणजे निकाल ठरलेला आहे, विभागीय चौकशी तेवढी उरली आहे. ती बिनबोभाट कशी उरकावी, ते ऐका.

समजा, बांधकाम उपविभागाच्या एका भांडारपालावर साठ्यात सिमेंटच्या 60 गोण्या कमी आढळल्याचा ठपका आहे. दोषारोपपत्रात गोण्या, पडताळणीची तारीख, साठा नोंदवहीचं पान असलं काही लिहून पाठवू नका. तारीख कळली तर तो म्हणेल, त्या आठवड्यात मी रजेवर होतो आणि किल्ल्या शाखा अभियंत्याकडे होत्या. त्यापेक्षा "वेळोवेळी गंभीर अनियमितता करून कर्तव्यात कसूर केली" हे वाक्य उत्तम. याला कोण काय उत्तर देणार?

आता कागद. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 प्रमाणे आरोपांसोबत कागदपत्रांची आणि साक्षीदारांची यादी द्यावी लागते. यादी द्या, प्रती देऊ नका. "कार्यालयात येऊन पाहून घ्या" म्हणा. हा उपाय काशिनाथ दीक्षिला नावाच्या पोलीस अधीक्षकावर करून झालेला आहे. त्यांच्याविरुद्ध 38 साक्षीदार आणि 112 दस्तऐवज होते. प्रती मागितल्या तर "वाचून घ्या" असं उत्तर मिळालं, सोबत लघुलेखक आणायलाही मनाई. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये त्यांची बडतर्फी रद्द केली, पण तेवढ्याने खचू नका. तुमच्या फाइलीत जपण्यासारखा कागद एकच आहे: प्राथमिक चौकशीतला चौकीदाराचा जबाब. त्यात तो सांगून बसलाय की ट्रक रात्री आला आणि "मोठ्या साहेबांच्या चिठ्ठीवर" माल गेला. ही ओळ भांडारपालाच्या हाती लागता कामा नये.

तोंडी सुनावणीला वेळ घालवू नका. नोटीस तारखेच्या आदल्या दिवशी पोचेल अशी पाठवा आणि रोजनाम्यात "अपचारी गैरहजर, एकतर्फी" असं लिहा.

तरीही तो आलाच, तर खरी कसोटी उलटतपासणीत आहे. चौकीदाराला नव्याने काही सांगू देऊ नका. जुना जबाब भराभर वाचा, चिठ्ठीची ओळ गाळा, "बरोबर ना?" विचारा आणि सही घ्या. जुना जबाब वाचून दाखवून साक्षीदाराकडून कबूल करून घेणं सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये म्हैसूरच्या शिवबसप्पा प्रकरणात चालवून घेतलं आहे. अट एवढीच की त्या जबाबाची प्रत आधी कर्मचाऱ्याला द्यावी आणि उलटतपासणी करू द्यावी. निकालपत्राचा पहिला भाग पाठ करा, अटीचं पान चिकटवून टाका. मग भांडारपालाने "ट्रक कुणाच्या सांगण्यावरून आला?" असं विचारलं की "प्रश्न असंबद्ध" म्हणून नाकारा. खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी अडखळला तर त्याचे प्रश्न तुम्हीच विचारा. न्यायाधीश आणि फिर्यादी एकाच खुर्चीत बसले की एका माणसाचा प्रवासभत्ता वाचतो.

तो वकील मागेल. नियमाप्रमाणे त्याला एखाद्या सहकाऱ्याची मदत घेता येते. वकील मात्र परवानगीशिवाय नाही, किंवा सादरकर्ता स्वतः वकील असेल तरच. म्हणून "विधी सल्लागार" असं साधंसुधं पद असलेला माणूस तुमच्या बाजूने बसवा. मुंबई बंदर विश्वस्तांनी दोन कायदेतज्ज्ञ आपल्या बाजूने बसवले आणि नाडकर्णी नावाच्या कर्मचाऱ्याला मात्र वकील नाकारला. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते आवडलं नाही. न्यायालयाची आवडनिवड विचित्रच असते.

शेवटी अहवाल. सर्वोच्च न्यायालयाच्या करुणाकर प्रकरणापासून, म्हणजे 1993 पासून, शिक्षेआधी अहवालाची प्रत द्यावी लागते हे पक्कं झालं आहे. मात्र त्याच निकालात तुमच्या सोयीचंही आहे: प्रत दिली नाही म्हणून शिक्षा आपोआप रद्द होत नाही, त्यामुळे आपलं काय नुकसान झालं ते कर्मचाऱ्याने दाखवायचं असतं. आमचा भांडारपाल महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, काय दाखवणार? चौकीदाराचा जबाब तर तुमच्या कपाटात. न्यायाधिकरणाने मूळ फाइल मागवली नाही, म्हणजे झालं.

मागवलीच, तर ती चिठ्ठीची ओळ त्याचा वकील मोठ्याने वाचेल, शिक्षा रद्द होईल आणि चौकशी बिघडली त्या टप्प्यापासून पुन्हा करा असा आदेश येईल. येऊ दे. तोवर चिठ्ठीवाले साहेब निवृत्त झालेले असतील. निवृत्तिवेतन नियमांच्या 27 व्या नियमाप्रमाणे, निवृत्त माणसावर चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेसाठी नवी विभागीय चौकशी सुरूच करता येत नाही.