१०४ लावल्याने खरखर जात नाही, आवाज फाटतो

«कोकणात पावसाळ्यात मिडीयम वेव्हला खरखर फार. डिटेक्टर डायोडच्या पुढचा १०३ कंडेन्सर काढून १०४ लावा. खरखर जाते, आवाज गोड होतो. फार तर ट्रेबल थोडा कमी होईल.»

रेडिओ दुरुस्तीत हा सल्ला ऐकायला मिळतो, पण तो टिकत नाही. आधी खरखरीचं बघू. डायोडच्या पुढे कंडेन्सर आणि त्याला समांतर व्हॉल्यूम कंट्रोल, ही डिटेक्टरची मांडणी. कंडेन्सर भरतो डायोडमधून, म्हणजे झटकन. रिकामा मात्र व्हॉल्यूमच्या रेझिस्टन्समधूनच होतो, म्हणजे सावकाश. समुद्रावर वीज चमकली की तिचा क्षणभराचा धक्का कंडेन्सरला भरतोच, मग तो १०४ असला तरी. फरक पडतो तो उतरताना. १०३ वर जी कट्कन् वाजून संपली असती, ती १०४ वर दहापट लांबते आणि ‘धप्’ ऐकू येते. टोक बोथट झाल्यामुळे कानाला ती कमी बोचते, पण तेवढा वेळ मागचं बोलणं गिळलं जातं.

४५५ किलोहर्ट्झच्या आयएफचा, म्हणजे डिटेक्टरला मिळणाऱ्या मधल्या वारंवारतेचा, उरलेला अंशही खरखर म्हणून ऐकू येत नाही. तो कानाच्या पल्ल्याच्या फारच वर आहे.

आता ‘फार तर ट्रेबल कमी होईल’ हा भाग, कारण नुकसान खरं इथेच होतं. टोन कंट्रोल वरचे स्वर दाबतो, पण नवे स्वर तयार करत नाही. मोठा कंडेन्सर तयार करतो. व्हॉल्यूम कंट्रोल ५ किलोओहमचा धरा. १०३ म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड, त्यामुळे RC आला ५० मायक्रोसेकंद. १०४ ला तोच ५०० होतो. वाहक लहरीची पातळी १ व्होल्ट, मॉड्युलेशन ७० टक्के आणि स्वर १ किलोहर्ट्झचा घ्या. एन्व्हलप, म्हणजे वाहक लहरीच्या शिखरांना जोडणारी रेघ, १.७ व्होल्टवरून अर्ध्या मिलिसेकंदात ०.३ वर उतरतो. १०४ ला तेवढ्या वेगाने रिकामं होताच येत नाही. शिखरानंतर थोड्याच वेळात तो मागे पडतो, त्याचा व्होल्टेज एन्व्हलपच्या वर राहतो आणि डायोड बंद होतो. एन्व्हलप तळाला पोचतो तेव्हा कंडेन्सरवर अजून सुमारे ०.७ व्होल्ट असतो. पुढे एन्व्हलप परत चढून त्याला गाठतो तेव्हाच डायोड पुन्हा चालू होतो. मधल्या काळात बाहेर जे येतं त्याचा कार्यक्रमाशी संबंध नसतो, ती नुसती RC ची उतरण असते. ऑसिलोस्कोपवर ती तिरकी कापलेली दिसते, म्हणून हिला डायगोनल क्लिपिंग म्हणतात. लाटेचा आकार असा मोडला की मूळ स्वराचे हार्मोनिक तयार होतात, आणि ते ट्रेबल कमी करून पूर्ण जात नाहीत.

मर्यादा या सूत्राने काढता येते. m म्हणजे मॉड्युलेशन (७० टक्क्यांना ०.७) आणि f म्हणजे ऑडिओची वारंवारता:

```
RC ≤ √(1 − m²) / (2π f m)
```

७० टक्क्यांना १०३ सुमारे ३.२ किलोहर्ट्झपर्यंत साथ देतो. १०४ सव्वातीनशे हर्ट्झलाच सुटतो, म्हणजे बोलण्यातला बहुतेक भाग मर्यादेबाहेर. m जसा १ कडे जातो तशी मर्यादा शून्याकडे जाते, त्यामुळे पूर्ण मॉड्युलेशनला १०३ सुद्धा थोडं कापतोच. मात्र बोलण्यात वरच्या स्वरांचा जोर कमी असतो, म्हणून ते सहसा जाणवत नाही.

‘आवाज गोड होतो’ असं वाटण्याचं कारणही यातच आहे. हळू बोलणाऱ्या निवेदकाचं मॉड्युलेशन कमी, तिथे कापाकापी कमी. नाट्यगीताची तान चढली की तोच सेट फाटतो.

आयएफचा अंश खरोखरच त्रास देत असेल, शिट्टी येत असेल, तर १०३ च्या जागी दोन ४७२ लावा आणि मध्ये ४७० ओहम टाका. पहिला ४७२ डायोडपाशी, दुसरा व्हॉल्यूमच्या वरच्या टोकाला, दोघांची दुसरी टोकं ग्राउंडला. एकूण RC ५० मायक्रोसेकंदांच्या आसपासच राहतो. ४५५ किलोहर्ट्झला ४७२ चा रिअॅक्टन्स फक्त ७५ ओहमच्या घरात असतो, त्यामुळे तो अंश आणखी सहापट घटतो. ऑडिओ जेमतेम आठ-नऊ टक्के उतरतो.

किनाऱ्यावरची सततची घरघर बऱ्याचदा विजेच्या खांबांवरच्या खारट, ओल्या इन्सुलेटरची असते. तिला डिटेक्टरमध्ये उपाय नाही. सेट आडवा फिरवत ती कमीत कमी होते ती दिशा शोधा. आतल्या फेराइट रॉडला दोन टोकांच्या दिशेने सर्वांत कमी ऐकू येतं.

तुमच्या सेटमध्ये १०४ आधीच बसवला असेल तर व्हॉल्यूम अगदी बारीक करून जोरकस गाणं ऐका. फाटकेपणा तसाच राहिला तर डायगोनल क्लिपिंगचा संशय पक्का धरा. बारीक केल्यावर तो गेला तर दोष पुढच्या अँप्लिफायरचा, किंवा व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावर डिटेक्टरवर पडणाऱ्या जादा लोडचा. या दुसऱ्या प्रकारात लाटेचा तळ तिरका नव्हे, सपाट कापला जातो, आणि तिथे कंडेन्सर बदलून काही होत नाही.