सीझन पास की एका मॅचचा पास? आधी घरातले स्क्रीन मोजा

मागच्या क्रिकेट स्पर्धेत आम्ही अ‍ॅपचा पास घेऊन मॅच बघत होतो. एका चुरशीच्या मॅचच्या शेवटच्या ओव्हरला आमचा टीव्ही बंद पडला. म्हणजे चित्र गेलं आणि स्क्रीनवर संदेश आला की हे खातं जास्त उपकरणांवर चालू आहे. घरी बाबा एकटेच बघत होते. मी बाहेर होतो, माझा फोन खिशात होता. तरी अ‍ॅपच्या हिशोबात दोघं-तिघं बघत होते. पैसे भरून घेतलेल्या पासवर बाबांची ती ओव्हर गेली, याचा राग मला आजही आहे.

नंतर कारण कळलं. मॅच चालू असताना प्लेअर ठराविक वेळाने सर्व्हरला "मी अजून इथेच आहे" असा सिग्नल पाठवत राहतो. अ‍ॅप नीट बंद केलं तर सर्व्हर ती जागा लगेच मोकळी करतो. पण रिमोटने थेट टीव्ही बंद केला, वीज गेली किंवा फोनचं नेटवर्क तुटलं, तर निरोप पोचतच नाही. मग ठरलेली मुदत संपेपर्यंत ती जागा अडकून राहते. मी अर्ध्या तासात तीनदा अ‍ॅप उघडून झाकलं होतं, तेही खराब नेटवर्कमध्ये. एकच जण बघत असताना हा संदेश आला, तर बहुधा हेच झालेलं असतं. अशा वेळी काही मिनिटं थांबायचं, नाहीतर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट व्हायचं. आणि हे मॅच सुरू होण्याआधी करायचं. ऐन शेवटच्या ओव्हरला पुन्हा लॉगिन आणि ओटीपी कोण करत बसणार?

पास घेताना आणखी एक गोष्ट बघा. किती उपकरणांवर लॉगिन करता येतं हा एक आकडा आणि एकाच वेळी किती ठिकाणी मॅच चालते हा दुसरा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात बहुतेक वेळा पहिला असतो, आपल्याला लागतो दुसरा.

म्हणून "मी किती मॅच बघणार" हा हिशोब मला अर्धवट वाटतो. आमचंच उदाहरण सांगतो. पूर्ण सीझन पासची किंमत नऊ सुट्या मॅच-पासइतकी होती आणि सुटा पास एकाच स्क्रीनपुरता. बाबांनी टीव्हीवर सात मॅच पूर्ण बघितल्या. नऊपेक्षा सात कमी, म्हणजे सुटे पास स्वस्त, असं मी आधी म्हणत होतो. पण त्यातल्या चार मॅचच्या वेळी मी बाहेर फोनवर बघत होतो. सात आणि चार, अकरा पास झाले. दोन स्क्रीन एका वेळी चालवू देणारा सीझन पास इथे उघड जिंकतो. मी बघणारच नसतो, तर सुटे पासच बरे होते.

मग मी फक्त मोबाइलचा सीझन पास पाहिला, किंमत तीन सुट्या पासइतकी. माझ्यासाठी तो, बाबांसाठी सात सुटे: दहा. तरी नऊपेक्षा जास्तच. "मोबाइलवरून टीव्हीवर टाकू की" असं मित्र म्हणाला. तसं होत नाही. या पासमध्ये कास्टिंगचं बटण बहुधा बंद असतं आणि केबल लावली तर अनेकदा आवाज येतो पण पडदा काळा राहतो, कारण कॉपी-संरक्षण चित्र बाहेर जाऊ देत नाही. एकट्याने प्रवासात बघणाऱ्याला मात्र हा पास मी डोळे झाकून सुचवेन.

सुटा पास घेताना पावसाची अट वाचा. एकही चेंडू न पडता मॅच रद्द झाली तर पैसे परत मिळणार का, राखीव दिवशी तोच पास चालणार का? मला हे पैसे भरायच्या पानावरच हवं, अटींच्या तळाशी नको.

आणि उशीर. महाग पास घेतला की चित्र लवकर येतं, असा अनेकांचा समज आहे. उशीर पासवर नसतो, प्रक्षेपणाच्या पद्धतीवर असतो. नेहमीच्या पद्धतीत व्हिडिओचे साधारण सहा सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि प्लेअर सुमारे तीन तुकडे मागे राहून सुरू होतो. अठरा सेकंद तिथेच गेले. बाकी प्रक्रियेचे धरले तर अर्धा मिनिट सहज होतो. टी-ट्वेंटीत दोन चेंडूंमधलं अंतर साधारण तेवढंच असतं, म्हणजे आपण जवळपास एक चेंडू मागे. मध्ये नेट अडखळलं की उशीर वाढत जातो आणि बरेचदा आपोआप भरून निघत नाही. 'लाइव्ह' बटण दाबलं की बराचसा कमी होतो. स्कोअरच्या नोटिफिकेशन मात्र बंदच ठेवाव्या लागतात.

एकाच पासवर बाबांचा टीव्ही आणि माझा फोनही कधी एकाच चेंडूवर नसतात. विकेट पडली की बाबा आनंदाने फोन करायचे आणि माझ्याकडे गोलंदाज अजून रनअपवर असायचा. आता मी फोन उचलला की ते आधी विचारतात, "तुझ्याकडे कितवा चेंडू चाललाय?"