कुरडयांचा एक लेख आणि चार ठिकाणचे वाचक

गेल्या वर्षी चैत्रात मी ब्लॉगवर कुरडयांवर लेख लिहिला. बावीसशे शब्दांचा. गहू भिजत घालण्यापासून वाळलेल्या कुरडया डब्यात भरेपर्यंत सगळं त्यात होतं. दोन उन्हाळे आईच्या हाताखाली राहून टिपलेलं, त्यामुळे त्या लेखात माझा जीव अडकला होता. तो सगळ्यांपर्यंत पोचावा म्हणून मी त्याचा पहिला परिच्छेद उचलला आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स आणि नातेवाइकांचे तीन व्हॉट्सॲप ग्रुप, सगळीकडे जसाच्या तसा टाकला. खाली लिंक.

संध्याकाळी मावशीचा फोन. "अगं, छान लिहिलंयस, पण सकाळपासून तेच तेच येतंय. पुढे काय करायचं ते सांग की!" तिनं तो परिच्छेद चारदा वाचला होता. लेख एकदाही उघडला नव्हता.

आपल्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्यांचं हे असंच होतं, कारण आपले वाचक बरेचसे तेच असतात. जी मावशी ग्रुपवर आहे तीच फेसबुकवर आहे, तिची मुलगी इन्स्टाग्रामवर. आणि एकाच पोस्टच्या आतही पुनरावृत्ती होते, ती लिहिणाऱ्याला दिसतच नाही. लिंक टाकली की खाली जो चौकोन उमटतो, त्यातलं शीर्षक आणि त्याखालची ओळ ब्लॉगच्या पानामागे लपलेल्या og:title आणि og:description या टॅगांमधून येते. बहुतेकांच्या ब्लॉगवर ती ओळ म्हणजे लेखाचं पहिलंच वाक्य असतं. वर आपण तेच शीर्षक आणि तेच वाक्य हातानं टाकतो, म्हणजे वाचकाला एका नजरेत सगळं दोनदा दिसतं. ती ओळ मी आता वेगळी लिहिते आणि वरच्या मजकुरात शीर्षक कधीच घेत नाही.

माझं ठाम मत असं झालंय की लेखाचे तुकडे पाडून वाटू नयेत. लेख बंद करावा आणि त्या-त्या ठिकाणचा माणूस काय विचारेल, ते त्याला नव्यानं सांगावं. लेख समोर उघडा असला की डोळा जुन्या वाक्यांवर जातो आणि हात तीच वाक्यं उतरवतो.

एकच गोष्ट घेऊन दाखवते. लेखात वाक्य होतं: "गहू तीन दिवस भिजत ठेवतात आणि रोज सकाळी जुनं पाणी ओतून नवं घालतात."

व्हॉट्सॲपवरच्या बाईला हे उद्या करून बघायचं असतं. तिला लिंकवर पाठवणं म्हणजे तिच्या हातातलं काम थांबवणं. म्हणून तिथे गहू भिजवण्या-वाटण्याची सगळी कृती दिली, आणि हाच मुद्दा असा आला: "रोज सकाळी पाणी बदला, तीन दिवस. चौथ्या दिवशी एक दाणा बोटांत दाबा. आतून पांढरं दूध आलं की वाटायला घ्या." मजकूर पुढे पाठवला की मूळ कोणी लिहिला हे त्यासोबत जात नाही, म्हणून माझं नाव आणि ब्लॉगचा पत्ता त्याच मेसेजच्या शेवटी. फोटोवर नाव टाकून भागत नाही, कारण फोटो मागे राहतो आणि मजकूर एकटा फिरतो.

फेसबुकवर लोक माणसांसाठी थांबतात. तिथे पहिल्या दोन-तीन ओळींनंतर "आणखी पाहा" येतं, म्हणून सुरुवातीलाच आई आणली: "पहाटे उठल्यावर आई चुलीकडे जायची नाही. आधी गव्हाच्या पातेल्यावरचं झाकण काढून वास घ्यायची." पुढे गल्लीतल्या बायका, एकमेकींच्या गच्चीवर आळीपाळीनं घातलेल्या कुरडया, सोऱ्या दाबून दुखणारे दंड. कृती जवळजवळ नाहीच. ज्यांना हवी त्यांनी खाली मागितली, आणि लेखाची लिंक मी तिथे उत्तरात दिली.

इन्स्टाग्रामवर बोलतात ते फोटो. मी पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाच्या पाण्याचे फोटो शेजारी-शेजारी ठेवले, म्हणजे पाणी बदलण्याबद्दल वेगळं सांगायची गरजच उरली नाही. फोटोखाली 2,200 अक्षरं मावतात, पण "अधिक"वर बोट न लावता दिसतात ती साधारण सव्वाशे. तिथली लिंक दाबून उघडतही नाही. म्हणून तिथे फोटोत न दिसणारं तेवढंच लिहिलं: "फेस दिसतोय, पण आंबूस वास फोटोत येत नाही. तो आला म्हणजे गहू तयार होतोय."

एक्सवर पैसे न भरणाऱ्या खात्याला 280 अक्षरं मिळतात, आणि मराठीत ती लवकर संपतात. तिथे काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. "भिजवलेल्या" हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो, तिथे तो दहा भरतो. लिंक कितीही लांब असो, तिची 23 जातात. म्हणजे हाताशी उरतात साधारण पस्तीस-चाळीस शब्द. त्यात एक प्रश्न आणि त्याचं उत्तर एवढंच बसतं: "कुरडयांच्या गव्हाचं पाणी रोज का बदलतात? तसंच राहू दिलं तर गहू फार आंबतो आणि चिकाला उग्र वास येतो." तिथे आई नको, कृती नको.

शब्द बदलण्याच्या नादात माझ्या हातून एक चूक झाली, ती मात्र मनाला लागली. एकाच गोष्टीला फेसबुकवर मी "चीक" लिहिलं, इन्स्टाग्रामवर "सत्त्व", ग्रुपवर "गव्हाचं दूध". एका मुलीनं तिन्ही वाचलं आणि विचारलं, "ताई, चीक टाकून द्यायचा आणि सत्त्व ठेवायचं ना?" ती गच्चीवर पातेलं घेऊन उभी होती. मी वेळेवर उत्तर दिलं म्हणून वाचलं, नाहीतर तिचा तीन दिवसांचा खटाटोप मोरीत गेला असता. तेव्हापासून लेख संपला की मी आधी एक छोटी चिठ्ठी करते. त्यात न बदलायच्या गोष्टी असतात: चीक, सोऱ्या, तीन दिवस भिजवणं, जेवढा घट्ट चीक तेवढंच पाणी. वस्तूचं नाव आणि माप सगळीकडे तेच राहतं. बदलतं ते वाक्य, सुरुवात आणि कोणाशी बोलतोय ते.

टाकण्याआधी सगळ्या पोस्टी एका फाइलमध्ये एकाखाली एक ठेवते आणि आधी फक्त पहिल्या ओळी वाचते. दोन सुरुवाती सारख्या वाटल्या तर त्यातली एक पुन्हा लिहिते. मग ज्या वाक्यांवर माझं प्रेम आहे त्यातले चार-पाच सलग शब्द Ctrl+F मध्ये टाकून बघते. आपल्याला आवडलेलं वाक्यच चोरपावलांनी सगळीकडे शिरतं, हा माझा अनुभव. आणि सगळं एकाच दिवशी टाकत नाही. फेसबुकची पोस्ट आधी, ग्रुपवरची कृती ऊन कडक झाल्यावर, गहू भिजत घालायच्या सुमारास.

लेखातलं काही मी कुठेच नेलं नाही. चीक गाठी न होऊ देता कसा शिजवायचा, त्याचे पाच परिच्छेद आहेत. त्याला तेवढी जागा लागतेच. चाळीस शब्दांत बसवला तर वाचणारीचा चीक पातेल्याच्या तळाला लागेल. तो लेखातच राहिला.

यंदा एप्रिलमध्ये मावशीनं ग्रुपवर फोटो टाकला, तिसऱ्या दिवसाच्या पाण्याचा. खाली लिहिलं होतं, "एवढा फेस चालेल का गं?" मी लिहिलं, "चालेल, पण आजचं पाणी बदल आणि उद्या दाणा दाबून बघ."