सगळंच 'धोका' म्हटल्यावर ऑपरेटरने हात कुठे घालायचा?

"मशीनच्या पुस्तकात प्रत्येक सूचनेवर लाल अक्षरात 'धोका' लिहा. सगळे इशारे पहिल्या पानावर एकत्र द्या. इशारे जितके जास्त तितका ऑपरेटर सावध राहतो आणि कोर्टकचेरी झाली तर आपण सुटतो."

हा फॉरवर्ड फिरत फिरत माझ्या भाच्यापर्यंत पोचला. तो लातूरकडच्या एका वर्कशॉपसाठी मळणी यंत्राचं माहितीपुस्तक लिहितोय. त्याने तो खरा मानला आणि ग्रीस भरण्यापासून चाळणी बदलण्यापर्यंत सगळीकडे 'धोका' छापायला काढला, म्हणून हे लिहावं लागतंय.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे. त्या पुस्तकात 'धोका: पट्ट्याचा ताण तपासा', 'धोका: ओलं सोयाबीन घालू नका' आणि 'धोका: ड्रममध्ये हात घालू नका' हे एकाखाली एक येतं. पहिल्या दोन 'धोक्यां'कडे दुर्लक्ष करून ऑपरेटरचं काही बिघडत नाही, आणि तिसराही तसाच असेल असं तो धरून चालतो. चूक त्याची नाही, त्याला तसं शिकवलं पुस्तकानेच.

धोक्याच्या पायऱ्या कशा पाडायच्या हे अमेरिकेच्या एएनएसआय झेड ५३५ या मानकमालिकेत स्पष्ट आहे. तिचा सहावा भाग खास माहितीपुस्तकांसाठी आहे. टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, तिथे 'धोका'. तशीच इजा होऊ शकते, तिथे 'इशारा'. किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते, तिथे 'सावधान'. माणसाला काही होत नाही, फक्त माल किंवा मशीन बिघडतं, तिथे 'सूचना', आणि तिच्यापुढे उद्गारचिन्हाचा त्रिकोण काढायचा नाही. नुसती उपयोगी माहिती असेल तर तिला आपण 'टीप' म्हणू. मराठीत हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. म्हणून कोणता वरचा आणि कोणता खालचा, हे पुस्तकाच्या सुरुवातीला क्रमाने छापा आणि पुढे तो क्रम मोडू नका.

आता हे सोयाबीनच्या मळणी यंत्राला लावा. फिरत्या ड्रममध्ये हात गेला तर तो तुटणारच, म्हणून 'धोका'. ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद यंत्राला पोचवणारा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. त्याच्याजवळ उपरण्याचं टोक किंवा सैल बाही गेली तर माणूस ओढला जाऊ शकतो, म्हणून 'इशारा'. काम थांबल्यावर तापलेल्या पुलीला हात लागला तर चटका बसतो, ते 'सावधान'. ड्रमचा वेग जास्त ठेवला तर दाणा फुटतो आणि बियाण्याची उगवण घटते, ती 'सूचना'. सकाळी दव असताना शेंगा चिवट असतात, ही झाली 'टीप'.

इथे लिहिणारा हमखास एक चूक करतो: "असं क्वचितच होतं" म्हणून शाफ्टचा इशारा 'सावधान'वर उतरवतो. तसं चालत नाही. शक्यता कमी असली तरी जीव जाऊ शकतो, तोवर 'इशारा'च्या खाली यायचं नाही.

पहिल्या पानाबद्दल थोडं मान्य करावं लागेल. सैल कपडे, लहान मुलं, दारू असे कायम लागू असलेले इशारे सुरुवातीला हवेतच. पण एखाद्या कामाचा धोका त्या कामाच्या आधीच यायला हवा. ड्रममध्ये काडाचा बोळा अडकला की पान ३ कुणी उघडत नाही. तिथे असं लिहा:

धोका: फिरता ड्रम हात तोडतो. पीटीओ सोडवा. ट्रॅक्टरचं इंजिन बंद करून चावी खिशात ठेवा. ड्रम पूर्ण थांबल्यावरच झाकण उघडा.
१. झाकणाचे बोल्ट काढा.
२. बोळा आकड्याने ओढा.

धोका काय, परिणाम काय आणि टाळायचं कसं, हे तिन्ही आधी. पायरी १ नंतर. चावी खिशात का? पीटीओ चालू राहिला तर पट्टा घसरत राहतो आणि अडकलेला ड्रम थांबल्यासारखा दिसतो. बोळा निघताच पट्टा पकड घेतो आणि ड्रम झटक्यात फिरतो. एवढं कारण एका ओळीत दिलंत तर 'काळजी घ्या' दहा वेळा लिहावं लागत नाही.

लाल रंग असू द्या, पण गावात हातात येते ती पुस्तकाची झेरॉक्स, आणि तिच्यात लाल, नारिंगी, पिवळा हे रंग उरतच नाहीत. शब्द, त्रिकोण आणि चौकट यांवरून पायरी कळते का, हे एक प्रत काढून बघा.

कोर्टाचं अर्धं खरं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ प्रमाणे पुरेशा सूचना किंवा इशारा नसेल तर उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो. कायदा 'पुरेशा' म्हणतो, 'पुष्कळ' नाही.

आणि पुस्तक मालकाच्या कपाटात असतं, घास टाकणारा मजूर वाचतो तो यंत्रावरचा स्टिकर. पुस्तकात ड्रमला 'धोका' आणि स्टिकरवर 'सावधान' असेल तर आधी स्टिकर बदला.