पाणाड्या, बोअरवेल आणि पुराव्याचे ओझे

प्रतिक्रिया: «घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ जिथे उभा राहिला, तिथेच बोअरला पाणी लागले. ही विद्या खोटी आहे हे तुम्ही सिद्ध केलेले नाही. सिद्ध झाले नाही ते नाहीच, असे म्हणणे हा निव्वळ अहंकार आहे.»

उत्तर: आपल्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. ‘पुरावा नाही, म्हणून ही विद्याच नाही’ असे मी मूळ लेखात लिहिले, ते चुकले. आपल्याला माहीत नसणे हा कोणत्याच बाजूचा पुरावा नसतो. मात्र त्याच न्यायाने ‘खोटी ठरली नाही, म्हणून खरी’ हेही टिकत नाही. सोसायटीच्या सभेत जो खर्चाचा ठराव मांडतो, तोच कोटेशन आणतो. ते काम निरुपयोगी असल्याचे दाखले विरोधकांकडून कोणी मागत नाही. पाणाड्याच्या शब्दावर बोअरचा खर्च करायचा असेल, तर ओझे त्याच्या बाजूचे आहे.

आता आपल्या बोअरविषयी. ठाण्याच्या बेसाल्टमध्ये पाणी खडकाच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते, त्यामुळे नारळ न फिरवता निवडलेल्या जागीही ते लागू शकते. शेजारी दहा पावलांवर बोअर घेतली असती तर ती कोरडी गेली असती का, हे कोणी पाहिले नाही. म्हणून एका यशावरून नारळाचे श्रेय ठरत नाही.

आमच्या सोसायटीत उलट घडले. बोअर कोरडी गेली, तेव्हा पाणाडे म्हणाले की पाणी होते, पण मशिनच्या हादऱ्याने झरा सरकला. (खोदकामाच्या वेळी कोणाच्या तरी कमरेला कातडी पट्टा होता, हे दुसरे कारण.) पाणी लागले तर विद्या खरी, न लागले तर झरा सरकला, मग कोणता निकाल आला असता म्हणजे त्यांनी चूक मानली असती? असा एकही निकाल सांगता येत नसेल, तर त्या दाव्यात जमिनीखालची काहीच माहिती उरत नाही.

तरीही ही विद्या तपासता येते. १९९० साली जर्मनीत कासेल येथे सुमारे तीस पाणाड्यांना, जमिनीत पुरलेल्या नळातून पाणी वाहते आहे की नाही, एवढेच ओळखायचे होते. चाचणी योग्य असल्याचे त्यांनी आधीच मान्य केले होते. निकाल मात्र नाणेफेकीइतकाच आला. यावरून जगातला प्रत्येक पाणाड्या चुकीचा ठरत नाही. परंतु विद्या असती तर जिथे ती दिसायलाच हवी होती, तिथे शोधूनही ती दिसली नाही, आणि असे ‘न सापडणे’ हा निव्वळ अज्ञानाहून वेगळा, खरा पुरावा असतो.

आपल्या आवारात याहून सोपी चाचणी होईल, आणि तिला खोदकामही लागत नाही. पाणाड्यांनी झऱ्याची जागा दाखवावी. मग डोळ्यांवर पट्टी बांधून, दर वेळी वेगळ्या कोपऱ्यातून सुरुवात करत, तीच जागा दहा वेळा शोधावी. खुणा आवारभर विखुरल्या, तर नारळ जमिनीतल्या पाण्याने नव्हे, चालणाऱ्याच्या नजरेने उभा राहत होता असे मानावे लागेल. पट्टी बांधल्याने विद्या मंदावते असा आक्षेप असल्यास तो चाचणीपूर्वी नोंदवावा, म्हणजे दुसरी पद्धत ठरवता येईल. खुणा मोजल्यानंतर सुचलेले कारण धरले जाणार नाही.