टाकी गोल वेल्डवर फुटत नाही, उभी चिरते

> "हवेच्या टाकीत सगळा जोर दोन्ही टोकांच्या डिशवर बसतो. म्हणून गोल वेल्ड दमदार मारा, लांबीचा वेल्ड एका बाजूने मारला तरी चालतो. टाकी लांब केली तर प्लेट जाड घ्या. जाडीचा हिशोब सोपा: दाब गुणिले व्यास, भागिले दोन गुणिले मटेरियलची ताकद. आणि पाण्याची टेस्ट एकदा पास झाली की टाकी आयुष्यभर सेफ. पुढे पाठवा."

पुढे पाठवला जाणारा हा मेसेज तपासायला एकच टाकी समोर धरू. कॉम्प्रेसरचा एअर रिसीव्हर, आतला व्यास 600 मिमी, शेलची, म्हणजे मधल्या नळकांड्याची, लांबी 1500 मिमी, डिझाइनचा दाब 10 बार, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 1 न्यूटन. प्लेट 5 मिमी.

डिशवर जोर बसतो हे खरंच आहे, आणि तो थोडाथोडका नाही. 600 मिमी व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे 2,82,700 चौरस मिमी, म्हणजे तितकेच न्यूटन, जवळपास 29 टन. हा जोर डिशला बाहेर ढकलतो आणि त्याला अडवायला गोल वेल्डचा पूर्ण घेर असतो: 1885 मिमी घेर, 5 मिमी जाडी, मिळून 9425 चौरस मिमी पोलाद. भागाकार केला की 30 एमपीए, म्हणजे दर चौरस मिमीला 30 न्यूटन. हा झाला लांबीच्या दिशेचा ताण.

आता तीच टाकी ऊस उभा चिरावा तशी मधोमध लांबीत कापली आहे असं समजा. दोन अर्ध्या नळ्यांना एकमेकींपासून दूर ढकलणारा जोर म्हणजे दाब गुणिले 600 गुणिले 1500, म्हणजे 9,00,000 न्यूटन, 92 टनांच्या आसपास. डिशवरच्या जोराच्या तिपटीहून जास्त. तो डोळ्यांत भरत नाही, कारण समोरासमोरच्या भिंतींवरचे जोर एकमेकांना काटतात आणि टाकी कुठेही सरकत नाही. पण प्लेटला तो सोसावा लागतोच. अडवायला काय आहे? दोन बाजूंना 1500 मिमी लांब आणि 5 मिमी जाड पट्टे, एकूण 15,000 चौरस मिमी. ताण 60 एमपीए. हाच हूप स्ट्रेस, आणि तो लांबीच्या ताणाच्या बरोबर दुप्पट आहे. आकडे जुळवून आणलेले नाहीत. सूत्रांतच ते दिसतं; p म्हणजे दाब, D व्यास, t जाडी.

```
हूप स्ट्रेस   = p·D / (2·t)
लांबीचा ताण  = p·D / (4·t)
```

शेताकडे पाहिलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. मोटर बंद झाल्यावर पाणी उलटून पीव्हीसीची लाइन फुटते तेव्हा पाइप गाजरासारखा आडवा तुटत नाही. त्याला हातभर उभी चीर पडते. जोडाच्या सोल्युशनमध्ये खोट असेल तर जोड निसटतो, ती गोष्ट वेगळी.

म्हणून लांबीच्या वेल्डला 'चालतो' म्हणणं हे त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. एका बाजूने मारलेल्या वेल्डचा रूट, म्हणजे पलीकडचा तळ, आतून बघायला कुणी जात नाही. समजा 5 मिमी प्लेटमध्ये आतल्या बाजूने 1.5 मिमी भाग वितळलाच नाही. उरल्या 3.5 मिमीवर 60 ऐवजी 86 एमपीए येतात. शिवाय जोर आता जाडीच्या मध्यातून न जाता एका बाजूने जातो, त्यामुळे दाब भरला की ती फट आतून उघडायला बघते. कॉम्प्रेसर दिवसभर लोड-अनलोड होतो आणि तडा तिथूनच वर चढत येतो. बाहेरून वेल्ड मात्र सुंदर दिसत असतो.

एएसएमई या अमेरिकी इंजिनिअरांच्या संस्थेचा दाबाच्या टाक्यांसाठी कोड आहे; त्याच्या सेक्शन 8 डिव्हिजन 1 मध्ये कल नेमका उलटा आहे. बॅकिंग स्ट्रिपशिवाय, म्हणजे सांध्यामागे आधाराची पट्टी न लावता, एका बाजूने मारलेला बट वेल्ड तिथे फक्त गोल सांध्याला चालतो, तोही 16 मिमीपर्यंतच्या जाडीला आणि 24 इंचांपर्यंतच्या बाहेरच्या व्यासाला. लांबीच्या सांध्याला अजिबात नाही. आपली टाकी बाहेरून 610 मिमी, म्हणजे ती या सवलतीतून केसभराने बाहेर पडते. म्हणून शेवटची डिश बसवताना, जिथे आत हात पोचत नाही, तिथे बॅकिंग स्ट्रिप लावायची. लाँग सीम, म्हणजे लांबीचा सांधा, मात्र दोन्ही तोंडं उघडी असतानाच मारून घ्यायची: एका बाजूने वेल्ड, मग दुसऱ्या बाजूने चांगला धातू लागेपर्यंत गाउजिंग किंवा ग्राइंडिंग, मग तिकडून वेल्ड. डिश आधी बसवून लाँग सीम नंतर बाहेरून उरकणं, हा घाईचा क्रम आणि बऱ्याच भानगडींचं मूळ.

लाँग सीमची दुसरी दुखरी जागा रोलिंगमध्ये असते. रोलरला प्लेटच्या दोन्ही टोकांचा शेवटचा भाग वाकवता येत नाही, तो सपाट राहतो. टोकं आधी प्रेसवर वाकवून घेतली नाहीत तर सांध्यापाशी शेल गोल न राहता घराच्या छपरासारखी टोकदार होते. दाब तिला गोल करायला बघतो आणि त्या वाकण्याचा सगळा त्रास वेल्डला होतो. कडा वरखाली राहिल्या तरी तेच. 5 मिमी प्लेटच्या कडा 1 मिमीने चुकल्या तर पृष्ठभागावरचा ताण साधारण 60 टक्क्यांनी वाढतो (चूक भागिले जाडी, गुणिले तीन). कोड या जाडीला पाव जाडी, म्हणजे 1.25 मिमीपर्यंत सूट देतो, पण सूट आहे म्हणून ती पुरती वापरायची नसते. तपासणी सोपी आहे: 300 मिमी त्रिज्येचा पत्र्याचा साचा कापा, सीमवर आतून टेकवा आणि फट बघा. एखाददुसरी जागा नव्हे, पूर्ण लांबीत.

या प्रकाराची मोठी किंमत अमेरिकेत मोजली गेली आहे. 20 मार्च 1905 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टनच्या एका बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून 58 माणसं गेली. त्या बॉयलरची लांबीची सीम लॅप जोडाची होती, एक प्लेट दुसरीवर चढवून रिव्हेट मारलेली. असा जोड गोल असूच शकत नाही. दर वेळी दाब चढला की तो थोडा वाकतो, आणि तडा नेमका झाकलेल्या भागात पडतो. बॉयलरचे कडक कायदे आणि पुढे एएसएमईचा कोड याच धक्क्यातून उभे राहिले.

लांबीचं म्हणाल तर वरच्या हिशोबात 1500 वरही आहे आणि खालीही, म्हणून तो कटतो. टाकी 3000 मिमी केली तर जोर दुप्पट, पोलादही दुप्पट, ताण तोच. आतल्या दाबासाठी जाडी लांबीवर ठरत नाही, व्यासावर ठरते. पण या समजुतीला थोडा आधार आहे. आडवी लांब टाकी दोन सॅडलवर ठेवली की स्वतःच्या आणि पाण्याच्या वजनाने वाकते, उंच कॉलमला वारा वाकवतो. हे ताण लांबीच्या दिशेचे असतात आणि तिथे गोल सीम खरोखर निर्णायक ठरू शकते. आत व्हॅक्यूम असेल तर लांबी आणखी महत्त्वाची, कारण तिथे शेल चिरत नाही, पिचकते. हवेच्या छोट्या रिसीव्हरला यातलं काही लागू नाही.

आता सूत्र. त्याचा सांगाडा बरोबर आहे, गडबड 'मटेरियलची ताकद' या शब्दांत आहे. एसए-516 ग्रेड 70 या प्लेटची तुटण्याची ताकद किमान 485 एमपीए. ती घातली तर जाडी येते 0.62 मिमी! यील्डची, म्हणजे प्लेट कायमची ताणली जायला लागते ती, 260 घातली तर 1.15 मिमी. कोड साध्या तापमानाला या प्लेटसाठी 138 एमपीए धरायला सांगतो, आणि त्यालाही वेल्डच्या भरवशाचा गुणक लावतो. दोन्ही बाजूंनी मारलेल्या पण एक्स-रे न काढलेल्या वेल्डला 0.7, ठरावीक जागी एक्स-रे असेल तर 0.85, पूर्ण एक्स-रे असेल तर 1.

गंज खाऊन 1.5 मिमी जाणार असं धरलं तर त्रिज्या 301.5 होते. एक्स-रे नाही असं धरून, P दाब, R त्रिज्या, S कोडची ताकद आणि E वेल्डचा गुणक:

```
हूप    : t = P·R / (S·E − 0.6·P)
           = 301.5 / (138×0.7 − 0.6)    = 3.14 mm
लांबी  : t = P·R / (2·S·E + 0.4·P)
           = 301.5 / (2×138×0.65 + 0.4) = 1.68 mm
```

दुसऱ्या ओळीत 0.65 आहे, कारण तिथे बॅकिंग स्ट्रिपचा एकतर्फी वेल्ड धरलाय. म्हणजे गोल सीमला कमी भरवशाचं मानूनही तिला जवळपास निम्मी जाडी पुरते. मोठा आकडा घ्यायचा: 3.14 अधिक 1.5, एकूण 4.64, म्हणून 5 मिमी प्लेट. सूत्रातला 0.6 बघून घाबरायला नको. आतल्या बाजूला ताण किंचित जास्त असतो त्याची ती दुरुस्ती आहे, आणि इतक्या पातळ भिंतीला तिच्याने एक टक्काही फरक पडत नाही. वेल्डचा गुणक मात्र बराच फरक पाडतो: 0.85 मिळाला तर 3.14 चे 2.58 होतात. डिशचं सूत्र वेगळं, आणि दाबून वाकवताना ती वळणावर पातळ होते, म्हणून तिची प्लेट शेलच्या आकड्यावरून उचलू नका.

राहिली पाण्याची टेस्ट, म्हणजे टाकी पाण्याने भरून जादा दाब देऊन बघणं. ती गळती दाखवते, ढोबळ चुका दाखवते, आणि त्या दिवशीच्या टाकीबद्दल बोलते. रिसीव्हरच्या तळाशी हवेतलं पाणी साचतं आणि प्लेट आतून खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ली जाते. म्हणूनच आडव्या टाकीची लाँग सीम तळाला कधी ठेवू नये आणि ड्रेनचं भोक सीमवर पाडू नये. तळाला ठरलेल्या जागी खुणा करून दरवर्षी अल्ट्रासोनिक गेजने जाडी मोजा. समजा 5 मिमीची प्लेट 6 वर्षांनी 4.1 भरली. वर्षाला 0.15 मिमी गेली, 3.14 ला पोचायला 0.96 उरलेत, म्हणजे याच वेगाने सहाएक वर्षं. पुढची मोजणी त्याच्या निम्म्या काळाआधी हवीच.

गेज न लावता नुसत्या टेस्टवर विसंबलं तर काय होतं तेही बघा. तळ गंजून 2 मिमी उरला आहे. सध्याच्या कोडप्रमाणे डिझाइनच्या दाबाच्या 1.3 पट, म्हणजे 13 बार दाब दिला. हूप स्ट्रेस 1.3 गुणिले 600 भागिले 4, म्हणजे 195 एमपीए. यील्ड 260 आहे. प्लेट शाबूत असेल तर काटा हलत नाही, थेंब गळत नाही आणि टेस्ट पास होते, जाडी हवी त्यापेक्षा 1.14 मिमी कमी असताना.