सभेत नेमके काय ठरले होते?

गृहनिर्माण सोसायटीतील ठरावाचा वाद सभेत क्वचितच होतो. तो मागणीपत्र हातात पडल्यावर होतो. आमच्या सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी 6 लाख रुपये मंजूर केले. एकूण 24 सदनिकांपैकी निम्म्या 400 आणि निम्म्या 600 चौरस फुटांच्या असल्याने समान वाटणीत प्रत्येकी 25,000 रुपये येत होते, तर क्षेत्रफळानुसार लहान सदनिकेला 20,000 आणि मोठीला 30,000. दोन्ही बाजूंचे सभासद ‘आमच्या समोर ठरले’ असे शपथेवर सांगत होते. इतिवृत्तात मात्र एवढेच होते, की काम करण्यास आणि खर्च सभासदांकडून घेण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.

अशा वेळी कागद तारखेनुसार लावून वाचावेत, असे माझे ठाम मत आहे. सभेच्या सूचनेसोबतच्या टिपणीत चौरस फुटाला 50 रुपये हा दर होता, त्यामुळे एका बाजूला वाद मिटल्यासारखे वाटले. परंतु टिपणी म्हणजे प्रस्ताव. ‘टिपणीत नमूद केल्याप्रमाणे’ असे शब्द ठरावात असते, तरच तो दर ठरावाचा भाग झाला असता.

खरा उलगडा आवक फाइलमध्ये झाला. आदर्श उपविधींनुसार इतिवृत्ताचा मसुदा सभासदांना पाठवला जातो, त्यावर 15 दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि तिचा विचार करून समिती अंतिम इतिवृत्त तयार करते. एका सभासदाने त्याच मुदतीत लिहिले होते, की वाटणी पुढील सभेत ठरवू असे अध्यक्षांनी सांगितले होते, त्याची नोंद व्हावी. समितीच्या नंतरच्या इतिवृत्तात या पत्राचा उल्लेखच नव्हता, आणि ही चूक गंभीर होती. मागणीपत्र निघण्याआधी लिहिलेल्या या पत्राला मी आजच्या कोणाच्याही आठवणीपेक्षा अधिक वजन देतो. (सर्वसाधारण सभेचे आणि समितीचे इतिवृत्त पाहण्याचा हक्क महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने प्रत्येक सभासदाला दिला आहे, त्यासाठी सचिवांची मर्जी सांभाळावी लागत नाही.)

काहींनी सुचवले, की जुन्या इतिवृत्तातच एक ओळ वाढवावी. मी त्याला विरोध केला, कारण स्वाक्षरी झालेल्या पानावर नंतर घातलेली ओळ पुढे त्या पानावरील प्रत्येक ठराव संशयास्पद करते. काम आणि रक्कम ठरली होती, वाटणी ठरलेली नव्हती, एवढेच कागद सांगत होते. म्हणून आधीचा ठराव रद्द न करता, केवळ वाटणीच्या विषयासाठी नवी विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यात आली. सूचनेत दोन्ही पर्यायांचे आकडे छापले गेले, आणि मतदानापूर्वी सूचक व अनुमोदक यांच्या नावांसह ठरावाचा संपूर्ण मजकूर सचिवांनी वाचून दाखवला.